कुरतडलेली वायर आणि उरलेलं तांबं

रजिस्टरमध्ये दहा महिन्यांत तेवीस नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीची रक्कम एकच होती, ४,८०० रुपये. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘उंदरांनी कुरतडले’, काही ठिकाणी ‘ओल लागली’, दोन-तीन ठिकाणी नुसतंच ‘खराब’. खाली गोदाम सांभाळणाऱ्याची सही. दुसरी सही कुठेच नव्हती, कारण ती लागतच नव्हती. दुकानाचा नियम होता की पाच हजारांपर्यंतचा खराब माल गोदामवाल्याने स्वतःच्या अधिकारात हिशेबातून कमी करावा. त्यावरची रक्कम असेल तर शेठना विचारायचं.

वीस वर्षं मी व्यापाऱ्यांच्या गोदामांत माल मोजतो आहे. हे दुकान इलेक्ट्रिकच्या मालाच्या घाऊक विक्रीचं होतं. गाव आणि नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. शेठनी मला बोलावलं ते चोरीसाठी नव्हे. विक्री वाढली होती आणि नफ्याचा टक्का मात्र घसरला होता. एवढंच त्यांना कळत नव्हतं. तोवर एका हमालाला संशयावरून काढून टाकलं होतं. दुपारी जेवणाच्या सुटीत तो गोदामात एकटा असायचा, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

घराच्या वायरिंगला लागणारी वायर ९० मीटरच्या बंडलात येते. दीडची वायर दिवे-पंख्यांसाठी, अडीचची मोठ्या प्लगांसाठी. दीड आणि अडीच ही आतल्या तांब्याची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. त्या वेळी अडीचच्या बंडलाचा खरेदीभाव २,४०० रुपये होता. दोन बंडलांचे ४,८०० झाले, तीन घेतली असती तर ७,२०० झाले असते. दर वेळी नेमकी दोनच बंडलं खराब का होतात, याचं उत्तर उंदरांकडे नव्हतं. ते पाच हजारांच्या नियमात होतं.

तरी एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. तेवीस सारख्या नोंदी संशयाला पुरतात, पुराव्याला नाही. म्हणून मी गोदामवाल्याला एकच प्रश्न विचारला. ‘कुरतडलेली बंडलं कुठे आहेत?’

‘भंगारात दिली, साहेब.’

उंदीर प्लास्टिकचं आवरण कुरतडतो. आतलं तांबं जसंच्या तसं राहतं, आणि त्या बंडलाची खरी किंमत तांब्यातच असते. एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तांब्याची तार साधारण ९ ग्रॅम भरते. त्या हिशेबाने अडीचच्या ९० मीटर बंडलात सुमारे दोन किलो तांबं असतं. तेवीस नोंदी म्हणजे ४६ बंडलं, म्हणजेच ९२ किलो तांबं. भंगारवाल्याच्या पावत्या शेठच्या टेबलाच्या खणात होत्या. त्या दहा महिन्यांत साल काढलेलं तांबं विकलं गेलं होतं १४ किलो.

चौदा किलो म्हणजे सात बंडलं. उरलेली ३९ बंडलं भंगारात गेली नव्हती आणि गोदामातही नव्हती. ती चांगल्या अवस्थेत, बिलाशिवाय, कुठल्या तरी ठेकेदाराच्या साइटवर पोचली होती. त्यांची खरेदी किंमत ९३,६०० रुपये. तांबं फुटत नाही, सडत नाही, उडून जात नाही. वजनकाट्यावर त्याला काही लपवता येत नाही. तो हिशेब मी एका वहीच्या पानावर लिहून शेठसमोर ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पहिल्यांदा त्या हमालाचं नाव घेतलं.

मालाची चोरी लपवायला कपाट फोडावं लागत नाही. कागदावरचा आकडा खाली आणला की पुरतं. गोदामात ५०० बंडलं आहेत आणि हिशेबात ५४६ दिसतात, तर प्रश्न उभा राहतो. हिशेबातही ५०० केली की प्रश्न मिटतो. या आकडा खाली आणण्याला व्यापारी ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात आणि माल कायमचा हिशेबाबाहेर काढण्याला ‘राइट-ऑफ’. सरकारी भाषेत त्याला ‘निर्लेखन’ असा नेमका शब्द आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मागच्या खोलीत मोडकी बाकं वर्षानुवर्षं रचून ठेवलेली दिसतात. डेडस्टॉक रजिस्टरमधून ती काढायची तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि ती आल्याशिवाय मुख्याध्यापक बाकाला हात लावत नाहीत. त्या दिरंगाईला आपण नावं ठेवतो. पण त्यातलं एक तत्त्व खासगी दुकानांनी जरूर घ्यावं. वस्तू मोडकी असली तरी मंजुरी येईपर्यंत ती दिसली पाहिजे.

या दुकानात बिघडलं कुठे, तर मंजुरीच्या मर्यादेत. बहुतेक दुकानांत ती अशीच ठरवलेली असते. अमुक रकमेपर्यंत याची सही, त्यावर त्याची. दिसायला हे शहाणपणाचं वाटतं, कारण मालकाने प्रत्येक फुटक्या स्विचवर सही करत बसावं असं कुणालाच वाटत नाही. पण मर्यादा ‘प्रत्येक नोंदीला’ ठेवली की नोंदी किती करायच्या हे ज्याच्या हातात आहे त्याला मर्यादा उरतच नाही. मोठी तूट तो तुकड्यांत मोडतो. प्रत्येक तुकडा नियमात बसतो आणि सगळे मिळून लाखाच्या घरात जातात.

म्हणून मर्यादा महिन्याच्या बेरजेवर असावी. एका माणसाने, एका प्रकारच्या मालात, एका महिन्यात मिळून इतक्या रुपयांपर्यंत. या दुकानाला मी ती महिन्याला ५,००० अशी सुचवली. नियमावलीत दोन शब्द बदलले, पण परिणाम मोठा. जुन्या नियमात दहा महिन्यांत १,१०,४०० रुपये कुणालाही न विचारता कमी करता आले. नव्या नियमात दर महिन्याची दुसरी नोंदच शेठकडे गेली असती, आणि दुसऱ्या महिन्यालाच त्यांनी विचारलं असतं की तांबं कुठे आहे.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा आहे. ज्याच्या ताब्यात माल, त्याची मंजुरीची मर्यादा शून्य. गोदामवाल्याने तूट कळवायची, तीही तातडीने. ती मंजूर करायची दुसऱ्याने. हिशेबात नोंद करायची तिसऱ्याने. मालाची चावी, मंजुरीची सही आणि संगणकावरची नोंद यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी एका हातात आल्या की लपवायला जागा होते. लहान दुकानांत माणसंच तीन असतात, हे मला माहीत आहे. तिथे गोदामवाला कळवतो, काउंटरवरचा माणूस जाऊन वस्तू बघून सही करतो, मालक मंजूर करतो आणि हिशेबनीस नोंद करतो. हे करायला चौघांचे मिळून पंधरा मिनिटं लागतात. महिन्यातून चार-पाच वेळा.

महिन्याच्या पाच हजारांपर्यंत मंजुरी कुणाची, असा प्रश्न शेठनी विचारला. मी काउंटर सांभाळणाऱ्या जुन्या मॅनेजरचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे गोदामाची चावी नव्हती आणि संगणकावर साठा बदलण्याचा पासवर्डही नव्हता. त्यांची मर्यादा पाच हजार, वरचं सगळं शेठकडे. अधिक पायऱ्या नकोत. एवढ्या दुकानात पाच पायऱ्यांची शिडी केली तर माणसं ती टाळायच्या वाटा शोधतात.

मग चिठ्ठीचा प्रश्न आला. जुन्या रजिस्टरमध्ये तारीख, वस्तू, नग, रक्कम, कारण आणि सही एवढेच रकाने होते. त्यात कारण हा सगळ्यात कमकुवत रकाना, कारण त्याच्यासोबत काही जोडावं लागत नव्हतं. ‘उंदरांनी कुरतडले’ लिहायला उंदीर लागत नाही. आम्ही छापील अनुक्रमांकाची चिठ्ठी केली, पुस्तकात बांधलेली, प्रत्येकी दोन प्रती. एखादा क्रमांक गहाळ झाला तर लगेच कळावं म्हणून छापील. त्यात ‘वस्तू आत्ता कुठे आहे’ असा एक रकाना टाकला. माझ्या मते सबंध चिठ्ठीत तोच रकाना सर्वांत मोलाचा. खराब झालेला माल असेल तर तो वेगळ्या लाल पट्टी मारलेल्या फळीवर ठेवायचा, त्यावर चिठ्ठीचा क्रमांक चिकटवायचा आणि मंजुरी होईपर्यंत तिथून हलवायचा नाही. भंगारात गेला तर भंगारवाल्याच्या पावतीचा क्रमांक आणि वजन त्याच चिठ्ठीवर यायचं. अडीचची दोन बंडलं म्हणजे चार किलोच्या आसपास तांबं दिसलं पाहिजे. साडेतीन दिसलं तर विचारायचं, दीड दिसलं तर भंगाराची गाडी थांबवायची.

कारणांची यादी ठरवून छापली, पण ‘इतर’ हा पर्याय ठेवला नाही. आणि ‘मोजणीतला फरक’ हाही ठेवला नाही. शेठना याचं आश्चर्य वाटलं, कारण बहुतेक दुकानांत हेच कारण सर्वांत जास्त वापरलं जातं. पण मोजणीतला फरक हे कारण नाहीच. मोजल्यावर फरक पडला, हे तर आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणूनच चिठ्ठी लिहायला घेतली. तापाचं कारण ‘अंग गरम आहे’ असं लिहिण्यासारखं ते आहे.

प्रत्येक कारणासोबत काय जोडायचं, ते ठरलं. माल खराब झाला असेल तर खुद्द माल आणि त्याचा फोटो. कंपनीकडून कमी आला असेल तर गाडी उतरवताना लिहिलेली आवक चिठ्ठी आणि कंपनीला त्याच दिवशी केलेली तक्रार. बिल चुकलं असेल तर त्या बिलाचा क्रमांक. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगितली. बिल चुकलं असेल तर बिलच दुरुस्त करायचं, साठ्याचा आकडा हलवायचा नाही. चूक बिलात आणि दुरुस्ती साठ्यात केली की गिऱ्हाइकाकडून येणारे पैसेही बुडतात आणि चूक कुठे झाली हेही पुसलं जातं.

यादीत शेवटचं कारण होतं ‘कारण सापडलं नाही’. हे छापून ठेवायला मी आग्रह धरला. शेठना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, असं लिहायची सोय दिली तर सगळे तेच लिहितील. माझा अनुभव उलटा आहे. ही सोय नसली की माणसं कारण बनवतात. हरवलेल्या दोन बंडलांसाठी प्रामाणिक माणसालाही उंदीर शोधावा लागतो, आणि मग खरे उंदीर कोणते आणि बनवलेले कोणते हे पुढे कुणालाच कळत नाही. म्हणून सोय द्यायची, पण तिची मंजुरी फक्त मालकाकडे, एका स्विचसाठीसुद्धा. त्या चिठ्ठीत लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. मालकाने स्वतः येऊन बघायचं, एवढंच.

या दुकानाच्या हिशेबात त्याहून मोठं एक भोक होतं, आणि ते मला दुसऱ्या दिवशी सापडलं. मार्चअखेरच्या मोजणीचा कागद होता. अडीचची बंडलं ४० कमी भरली होती आणि दीडची ३८ जास्त. खाली बेरीज करून लिहिलं होतं, ‘एकूण फरक २ बंडलं, रुपये ४,८००’. पुन्हा तोच आकडा, पुन्हा पाच हजारांच्या आत, पुन्हा एकच सही.

वजा-बेरीज नगांच्या हिशेबाने बरोबर आहे. चाळीसातून अडतीस गेले, दोन उरले. पण दीडच्या बंडलाचा भाव होता १,४५० रुपये आणि अडीचच्या बंडलाचा २,४००. चाळीस बंडलांची तूट ९६,००० रुपयांची. जास्त भरलेल्या ३८ बंडलांची किंमत ५५,१०० रुपये. दोन्हींची वजाबाकी केली तरी नुकसान ४०,९०० रुपये होतं, ४,८०० नव्हे.

आणि वजाबाकी करणंच चुकीचं आहे. माल जास्त भरला की दुकानदाराला बरं वाटतं. कमी भरलेल्याला तो ओरडतो आणि जास्त भरलेल्याकडे बघत नाही. पण गोदामात माल आपोआप तयार होत नाही. दीडची ३८ बंडलं जास्त असतील तर त्याचा अर्थ त्यांचं बिल झालं आणि ती गेलीच नाहीत. मग गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं का? नाही. त्याच्या गाडीत अडीचची गेली. बिल दीडचं आणि माल अडीचचा. दर बंडलामागे ९५० रुपयांचा फरक.

आम्ही चार महिन्यांची बिलं काढली आणि गेटवरच्या माणसाने गाडीत काय चढलं त्याच्या लिहिलेल्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. त्या चिठ्ठ्या वर्षभर कुणी उघडलेल्या नव्हत्या. ३८ पैकी २९ बंडलांचा माग एकाच ठेकेदाराच्या गाडीपर्यंत गेला. उरलेली नऊ घाईतली साधी गफलत असावी, खोकी दिसायला सारखीच असतात. गेटवरच्या म्हाताऱ्या माणसाने प्रामाणिकपणे ‘अडीच’ लिहिलं होतं. त्याला विचारलंच नव्हतं कुणी.

म्हणून मंजुरीसाठी रक्कम मोजताना कमी आणि जास्त दोन्हींची बेरीज करायची. या उदाहरणात ती १,५१,१०० रुपये होते. तेवढ्या रकमेची नोंद कुठल्याही मर्यादेत शेठच्या टेबलावर गेलीच असती. एकमेकांत वळती केल्यामुळे ती ४,८०० झाली आणि खाली राहिली. एक माल दुसऱ्यात बदलून दाखवण्याची नोंदही याच नियमात यायला हवी. नग तेवढेच राहतात, किंमत बदलते, आणि नगांवर नजर ठेवणाऱ्याला काही दिसत नाही.

ही मोजणी संगणकावर चढली कशी, तेही बघण्यासारखं होतं. टॅलीमध्ये ‘फिजिकल स्टॉक’ नावाचं व्हाउचर असतं. त्यात मोजलेला आकडा भरला की प्रोग्राम तोच साठा खरा धरून पुढे चालतो. हे सोयीचं आहे आणि त्यात प्रोग्रामचा काही दोष नाही. पण त्या व्हाउचरने कुठल्याही खात्यावर नुकसान नावे पडत नाही. शिल्लक माल तेवढा कमी दिसतो आणि तूट गुपचूप नफ्यातून वजा होते. वर्षाअखेरीला नफा-तोटा पत्रकात ‘मालाचं नुकसान’ अशी ओळच नसते. शेठना घसरलेला टक्का दिसत होता आणि कारण दिसत नव्हतं, ते याचमुळे. आता तिथे पद्धत अशी आहे की मंजूर झालेली तूट ‘मालाचे नुकसान’ या वेगळ्या खात्यात नावे टाकायची आणि तेवढी रक्कम खरेदीतून कमी करायची. नफा तेवढाच राहतो. पण आता महिन्याच्या पत्रकात ती ओळ नावासकट आणि रकमेसकट उभी असते.

कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना १ एप्रिल २०२३ पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं की ज्यात केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मालकीची आणि भागीदारीची दुकानं या नियमात येत नाहीत. पण ती सोय प्रोग्राममध्ये मिळते आणि चालू करायला हरकत नाही. या दुकानात ती नव्हती, त्यामुळे मार्चच्या मोजणीचा आकडा आधी काय होता आणि नंतर काय केला हे कळायला मार्गच नव्हता.

जीएसटीचा भाग व्यापारी हमखास विसरतात. माल विकत घेताना भरलेला कर आपण पुढच्या करातून वळता करून घेतो. पण माल हरवला, चोरीला गेला, नष्ट झाला किंवा हिशेबातून काढला तर त्यावरची ही सवलत कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे मिळत नाही. घेतली असेल तर परत भरावी लागते. वायरवर १८ टक्के दर धरला तर २,४०० च्या बंडलाला ४३२ रुपये. गायब झालेल्या ३९ बंडलांवर १६,८४८ रुपये. हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला आणि हिशेबातून काढलेला माल वेगळा दाखवणारी साठ्याची नोंद ठेवण्याची सक्तीही जीएसटीच्या नियमांत आहे. तेव्हा तुटीची चिठ्ठी हा केवळ घरचा शिस्तीचा कागद नाही. महिन्याचं विवरणपत्र भरणाऱ्या सल्लागाराकडे तिची एक प्रत गेली पाहिजे, नाहीतर चोराने नेलेल्या मालावर दंड-व्याज मालकाने भरायचं.

काहीजण म्हणतात, आमचं ऑडिट होतं, ऑडिटर बघतील. ज्या कंपन्यांना ऑडिटरच्या अहवालाचा २०२० चा आदेश लागू आहे, तिथे एखाद्या वर्गाच्या मालात एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर ऑडिटरला तो सांगावा लागतो. ही रेषा अहवाल वाचणाऱ्या भागधारकासाठी आहे. घाऊक धंद्यात नफाच चार-पाच टक्क्यांचा असतो. तिथे नऊ टक्के माल गेला तर वर्षभराची कमाई गेली, आणि तरीही ती रेषा ओलांडलेली नसते.

खरोखरची घट असते, तेही मान्य करायला हवं. सुटी वायर मीटरवर कापून विकली की टोकं उरतात आणि कापणाऱ्याचा हात थोडा सैल असतो. त्यासाठी आम्ही तीन महिने एक डबा ठेवला. कापलेली टोकं त्यात टाकायची आणि महिनाअखेरीला तोलायची. त्यावरून या दुकानापुरती स्वाभाविक घट ठरली आणि तेवढीच मंजुरीशिवाय चालेल असं लिहून ठेवलं. अंदाजाने ‘एक टक्का चालतो’ म्हणणं टाळलं. एक टक्का चालतो म्हटलं की दर महिन्याला बरोबर एक टक्काच घट येऊ लागते. हे मी तीन-चार ठिकाणी पाहिलं आहे.

मोजणीही बदलली. मोजणाऱ्याच्या हातात पूर्वी हिशेबातले आकडे छापलेला कागद असायचा आणि शेजारी रिकामा रकाना. आकडा समोर दिसला की हात आपोआप तोच लिहितो, त्यात कुणाची लबाडी लागत नाही. आता कागदावर फक्त मालाचं नाव आणि फळीचा क्रमांक असतो. फरक निघाला तर दुसरी जोडी पुन्हा मोजते, आणि दोन्ही मोजण्या जुळल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही. मोजणीच्या आधीचे तीन दिवस साठ्यात कुठलीही दुरुस्ती करायची नाही. मार्चची जुनी बारा-तेरा पानं चाळली तेव्हा मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सात वाजल्यानंतर केलेल्या सहा नोंदी त्यात निघाल्या होत्या.

याने सगळं पकडता येतं असं मात्र नाही. माल गोदामात यायच्या आधीच कमी उतरला आणि आवक चिठ्ठीवर पूर्ण लिहिला गेला, तर ती चोरी पुढे मोजणीतच कधीतरी दिसेल. बघणारा आणि मंजूर करणारा दोघे मिळाले तर चिठ्ठी सुंदर भरलेली असेल. म्हणून शेठ महिन्यातून एकदा सगळ्या चिठ्ठ्यांची एक यादी रकमेच्या क्रमाने काढून बघतात. सारख्या रकमा, मर्यादेच्या जेमतेम खाली असलेल्या रकमा, एकाच वाराला येणाऱ्या नोंदी आणि कधीही काहीच जास्त न भरणारा माल, या चार गोष्टींसाठी. त्याला त्यांना वीस मिनिटं लागतात.

गोदामवाल्याने शेवटी कबूल केलं. पहिली दोन बंडलं खरंच उंदरांनी कुरतडली होती. त्याने ती रजिस्टरमध्ये लिहिली आणि दोन महिने वाट पाहिली. कुणी विचारलं नाही. तिसऱ्या महिन्यात मुलीच्या फीची तारीख आली. तो हे सांगत होता तेव्हा मला त्याचा राग आला आणि ती दोन महिने कुणीही न उघडलेली वहीही डोळ्यांसमोरून जाईना. शेठनी त्याच्याशी काय ठरवलं हा त्यांचा प्रश्न. हमालाला त्यांनी स्वतः घरी जाऊन परत बोलावलं. तो आला नाही, दुसरीकडे लागला होता. शेठनी त्याच्या राहिलेल्या दिवसांचा पगार देऊन माफी मागितली.

चार महिन्यांनी मी परत गेलो. लाल पट्टीच्या फळीवर एक फुटलेली डीबी पेटी आणि अर्धवट कुरतडलेलं दीडचं एक बंडल होतं, चिठ्ठी चिकटवलेली. नव्या पोराने पुस्तकातली सतरा नंबरची चिठ्ठी दाखवली. अडीचचं एक बंडल कमी, कारणापुढे ‘कारण सापडलं नाही’ आणि खाली त्याची जरा थरथरती सही. शेठ त्याच संध्याकाळी गोदामात आले होते. दोघांनी मिळून तीन दिवसांची बिलं गेटच्या चिठ्ठ्यांशी लावली. एका खेड्यातल्या इलेक्ट्रिशियनच्या बिलावर दीड लिहिलं होतं आणि गेटवर अडीच. शेठनी फोन लावला तर तो म्हणाला, ‘हो शेठ, बंडल जाड लागतंय म्हणून मी पण बघत होतो.’ त्याने बंडल पुढच्या फेरीत परत आणलं. चिठ्ठीवर शेठनी लाल शाईने बिलाचा क्रमांक लिहिला, ‘बिल दुरुस्त, साठा तसाच’ असा शेरा मारला, आणि पोराकडे ते पुस्तक परत दिलं.